अर्ध्या पडद्यावर लेक्चर, अर्ध्यावर नोट्स: आधी उंची मोजा, रॅमचं नंतर बघू

प्रश्न: «मी डिचोलीची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज संध्याकाळी पुण्याच्या एका क्लासचं सीए इंटरचं लाइव्ह लेक्चर असतं. फोन ६.५ इंची, ४ जीबी रॅमचा. वर लेक्चर आणि खाली नोट्स ठेवल्या की काहीच धड दिसत नाही, मध्येच पीडीएफ बंद पडते. बजेट २५ हजार. मोठ्या स्क्रीनचा टॅब घेऊ, जास्त रॅमचा फोन घेऊ, की लॅपटॉप?»

तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. «काहीच धड दिसत नाही» हा स्क्रीनचा दोष आहे; १२ जीबीचा फोन घेतलात तरी तो जाणार नाही. «पीडीएफ बंद पडते» हा रॅमचा दोष आहे, आणि तो मोठी स्क्रीन आणून जाणार नाही. दुकानात गेल्यावर विक्रेता या दोन्हींची मोट बांधून एकच महागडी वस्तू पुढे करतो, म्हणून दोन्ही सुटे करून बघू. फोंड्यात माझं लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्यासारखी मुलं, बहुतेक वेळा वडिलांना घेऊन, हाच प्रश्न विचारत येतात.

आधी स्क्रीन. जाहिरातीत इंच सांगतात ते कर्णाचे असतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि फोन मोजा. ६.५ इंची फोनची काच साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि पावणेसात सेंटिमीटर रुंद भरेल. आता फोन उभा धरून स्क्रीन दुभागा. वरच्या भागात लेक्चरचं चित्र येतं. लेक्चरचा व्हिडिओ आडवा असतो, १६ला ९ या प्रमाणात. रुंदी पावणेसात मिळाली तर त्याची उंची ३.८ सेंटिमीटर. सरांनी ताळेबंदाची १८ ओळींची स्लाइड लावली तर प्रत्येक ओळीला दोन मिलिमीटर आले, आणि त्यातच दोन ओळींमधली मोकळी जागाही. वर्तमानपत्रातली ओळ याच्या दुप्पट असते. डोळे फोडून वाचावं लागतं ते यामुळे.

खालचा अर्धा भाग साडेसात सेंटिमीटरचा. तिथे नोट्सचं अ‍ॅप उघडलंत, लिहायला बोट टेकवलंत की कीबोर्ड वर येतो आणि पाचेक सेंटिमीटर खाऊन टाकतो. उरलेल्या अडीच सेंटिमीटरांत अ‍ॅपची स्वतःची बटणांची पट्टी आहे. म्हणजे तुम्हाला लिहायला दोन ओळी मिळाल्या. फोन आडवा धरलात तर दोन्ही भाग शेजारी येतात, पण उंची पावणेसातच राहते आणि कीबोर्ड त्यातला निम्म्याहून जास्त घेतो.

कीबोर्डचा हा हिशेब कोणी सांगत नाही. स्क्रीन दुभागल्यावर खरी टंचाई उंचीची होते.

आता टॅब बघा, आणि इथे बऱ्याच लोकांची फसगत होते. ११ इंची टॅब, १६ला १० प्रमाणाचा, २३.७ सेंटिमीटर लांब आणि १४.८ रुंद असतो. आडवा ठेवून दोन भाग केले तर प्रत्येक भाग सुमारे १२ सेंटिमीटर रुंद. त्यात व्हिडिओची उंची येते ६.७ सेंटिमीटर. तुमच्याच फोनवर लेक्चर पूर्ण स्क्रीन आडवं लावलं तर उंची येते पावणेसात. म्हणजे अकरा इंची टॅबच्या अर्ध्या भागात लेक्चर जेवढं दिसतं, तेवढंच ते फोनवर पूर्ण स्क्रीनवर दिसतं. पैसे घातल्यावर पहिल्या दिवशी «हे तर फोनएवढंच दिसतं» असं वाटतं ते याच कारणाने. आठ-पावणेनऊ इंची टॅबवर तर अर्ध्या भागातलं चित्र फोनच्या पूर्ण चित्रापेक्षा लहान होतं. तो आकार या कामासाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

तोच अकरा इंची टॅब उभा करा. अँड्रॉइडच्या बहुतेक टॅबवर मग भाग वर-खाली होतात. वर १४.८ सेंटिमीटर रुंदीचा व्हिडिओ, उंची ८.३. अठरा ओळींच्या स्लाइडला आता ओळीमागे साडेचार मिलिमीटर मिळाले, वर्तमानपत्रापेक्षा सुटसुटीत. मधली रेघ वर सरकवून व्हिडिओला साधारण एक तृतीयांश जागा द्या. खाली पंधरा सेंटिमीटरांच्या आसपास उंची उरते, आणि रुंदी तर ए-५ वहीच्या पानाएवढीच. लेक्चर आडवं असतं आणि वहीचं पान उभं. दोन्हींना आपापल्या आकाराची जागा फक्त टॅब उभा असतानाच मिळते. दुकानातले स्टँड आणि कव्हर मात्र टॅब आडवा ठेवण्यासाठीच बनवलेले असतात. उभा टॅब घट्ट धरणारा स्टँड वेगळा मागून घ्यावा लागतो. कव्हरच्या घडीवर उभा केलेला टॅब पेनाने लिहिताना मागे कलंडतो.

आयपॅडबद्दल एवढंच, की आयपॅडओएस १८ पर्यंत तो उभा धरला तरी दोन भाग शेजारीशेजारीच देतो, वर-खाली देत नाही. आयपॅडओएस २६ पासून खिडक्या हव्या तशा ठेवता येतात. पण पेनासकट तो तुमच्या बजेटबाहेर जाईल, तेव्हा पुढे जाऊ.

लॅपटॉपचं गणित सोपं आहे. १४ इंची लॅपटॉपची काच ३१ सेंटिमीटर रुंद. अर्ध्यात साडेपंधरा, व्हिडिओची उंची ८.७. उभ्या टॅबपेक्षा किंचित जास्त. शिवाय कीबोर्ड काचेबाहेर असल्याने दुसरा अर्धा भाग पूर्णच्या पूर्ण तुमचा. विंडोज ११ मध्ये `Win + ←` आणि `Win + →` दाबलं की झालं. एक अडचण मात्र येते: फुल एचडी स्क्रीनच्या १४ इंची लॅपटॉपवर विंडोज अक्षरं मोठी दिसावीत म्हणून सगळं १५० टक्के करून ठेवतं. मग अर्ध्या खिडकीत वेबसाइट मोबाइलसारखी दाटीवाटीने दिसते. डेस्कटॉपवर राइट क्लिक, `Display settings`, आणि `Scale` १२५ किंवा १०० करा. जागा एकदम वाढते, एक पैसाही न खर्चता.

आता रॅम. तिच्याबद्दल समज असा, की जितकी जास्त तितकं बरं. या कामात रॅम उंबरठ्यासारखी आहे: ओलांडला की आत, मग पुढे किती चाललात याने फारसा फरक पडत नाही. अडचण उंबरठ्याच्या अलीकडे.

४ जीबीच्या फोनवर नेमकं काय होतं ते सांगतो. अँड्रॉइड आणि फोन कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स मिळून जवळपास निम्मी मेमरी धरून बसतात. लाइव्ह लेक्चरचं अ‍ॅप व्हिडिओ उलगडत असतं, आवाज, चॅट, तुमचा माइक सांभाळत असतं; ते मोठा घास घेतं. नोट्सचं अ‍ॅप काचेवर दिसतंय म्हणून सिस्टीम त्याला सहसा हात लावत नाही. बळी जातो तो तिसऱ्याचा. तुम्ही नोट्सच्या जागी क्षणभर पीडीएफ उघडलीत, परत नोट्सवर आलात, व्हॉट्सअ‍ॅपवर क्लासचा मेसेज बघितलात; या फेऱ्यांत जे मागे गेलं ते अँड्रॉइड गुपचूप बंद करतं आणि जागा मोकळी करतं. पुन्हा गेलात की पीडीएफ पहिल्या पानापासून उघडते. तुम्हाला «बंद पडली» वाटतं ते हेच. अ‍ॅप बिघडलेलं नसतं, त्याला बाहेर काढलेलं असतं. आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे फळ्याचा फोटो घ्यायला कॅमेरा उघडला आणि लेक्चरच बाहेर पडलं. कॅमेरा मेमरीचा मोठा गिऱ्हाईक आहे. लेक्चर चालू असताना स्क्रीनशॉट घ्या, कॅमेरा नको.

पण सगळं खापर रॅमवर फोडण्याआधी तपासून घ्या, कारण नेटवर्क आणि उष्णता यांचीही लक्षणं वरवर अशीच दिसतात. ओळखायची खूण अशी. चित्र धुरकट होतंय, सरांचा आवाज तुटतोय, पण नोट्समध्ये तुम्ही झरझर लिहू शकताय, तर दोष नेटवर्कचा; सत्तरी, सांगे, काणकोणकडची मुलं हे पुरतं जाणतात. लेक्चर ठीक चाललंय, पण कीबोर्ड उशिरा वर येतो, अक्षरं मागाहून उमटतात, मागची अ‍ॅप्स नव्याने उघडतात, तर दोष मेमरीचा. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत आणि मग सगळंच जड, फोन हाताला चटका देतोय, तर तो गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतोय. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दमट हवेत, चार्जिंगला लावलेल्या आणि जाड कव्हरात घातलेल्या फोनचं हे रोजचंच. कव्हर काढा, लेक्चरआधी चार्ज करून घ्या, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. निम्मे फोन एवढ्यानेच सुधारतात.

मेमरीचा दोष आकड्यात बघायचा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये `About phone` मध्ये जाऊन `Build number` वर सात वेळा टॅप करा. `Developer options` दिसू लागतील. त्यात `Memory` मध्ये गेल्या तीन तासांत सरासरी किती मेमरी वापरली गेली ते दिसतं. काही नव्या फोनवर ही नोंद आधी तिथेच चालू करावी लागते. लेक्चर संपल्या संपल्या बघा. मोकळी मेमरी अर्ध्या जीबीच्या आसपास किंवा खाली असेल तर तुमचं निदान पक्कं.

मग उंबरठा कुठे? माझ्या अनुभवात लाइव्ह लेक्चर, पेनाने लिहायचं नोट्सचं अ‍ॅप आणि एक जाड पीडीएफ या तिघांना अँड्रॉइड टॅबवर ६ जीबी पुरते. ८ असली तर व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझरही मागे जिवंत राहतात. ८च्या पुढे या कामासाठी पैसे घालू नका. लॅपटॉपवर विंडोज ११ स्वतःच तीनेक जीबी घेऊन बसतं, तिथे ८ हा उंबरठा. ४ जीबीवर विंडोज ११ बसतं खरं, मायक्रोसॉफ्टची किमान अट तेवढीच आहे, पण बसणं आणि चालणं यात फरक आहे.

चवथीच्या सेलमध्ये जाहिरात दिसेल «१६ जीबीपर्यंत रॅम». खालची बारीक ओळ वाचा: ८ + ८ असं असतं. त्यातली दुसरी आठ ही रॅम नाहीच, स्टोरेजचा एक तुकडा आहे. मागच्या अ‍ॅपचं सामान तिथे ठेवून देतात आणि लागलं की परत आणतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या पडून असलेल्या अ‍ॅपला त्याचा थोडा उपयोग होतो. चालू व्हिडिओला आणि पेनाच्या रेघेला काहीच होत नाही, कारण स्टोरेज रॅमच्या मानाने फार हळू असतं. ४ + ४ ला आठ समजून घेतलेले टॅब माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांच्यावर माझ्याकडे इलाज नसतो. टॅबची आणि फोनची रॅम आतच झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

जाता जाता एक. घरातला जुना फोन वापरायचा विचार असेल तर त्याचं अँड्रॉइड बघा. स्क्रीन दुभागण्याची सोय २०१६च्या अँड्रॉइड ७ पासून आहे, पण अँड्रॉइड १० च्या आधी बोट ज्या भागाला लावाल तोच भाग पूर्ण चालू असायचा. नोट्सला हात लावला की दुसरीकडचा व्हिडिओ थांबणं तेव्हा सर्रास होतं. आणि अँड्रॉइडची «गो» आवृत्ती असलेल्या स्वस्त फोनवर तर स्क्रीन दुभागण्याचा पर्यायच मिळत नाही.

आता टॅब की लॅपटॉप. इथे माझं उत्तर तुमच्या क्लासवर अवलंबून आहे, आणि पैसे द्यायच्या आधी क्लासला फोन करून तीन गोष्टी विचारा. लेक्चर साध्या मीटिंग अ‍ॅपवर असतं की त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपवर? सीएचे बरेच क्लास चोरी टाळण्यासाठी स्वतःचा प्लेयर देतात, त्यातले काही फक्त विंडोजवर चालतात. एकाच उपकरणाची नोंदणी असेल तर ती फोनवरून टॅबवर हलवता येते का? आणि त्यांचं अ‍ॅप दुभागलेल्या स्क्रीनवर चालतं का? शेवटचं क्लासच्या ऑफिसातल्या माणसाला बहुधा माहीत नसतं. तुम्हीच तुमच्या फोनवर बघा. अलीकडची अ‍ॅप्स दाखवणारं पान उघडा, क्लासच्या अ‍ॅपच्या चिन्हावर टॅप करा आणि `Split screen` मिळतं का बघा. अ‍ॅपला हे चालत नाही असा संदेश आला तर मघाच्या `Developer options` मध्ये `Force activities to be resizable` चालू करून पुन्हा प्रयत्न करा. काही अ‍ॅप्स ऐकतात, काही ऐकत नाहीत. मोठ्या टॅबवर अँड्रॉइड १२ पासून सिस्टीम स्वतःच अ‍ॅपला दुभागलेल्या जागेत बसवते, तिथे ही अडचण कमी येते.

गेल्या पावसाळ्यात वाळपईची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तुमच्यासारखीच, सीएचा क्लास, बजेटही जवळपास तेच. वडिलांचं म्हणणं लॅपटॉपच घ्यायचा, पुढे आर्टिकलशिपला लागणारच. मी तिला टेबलावर मांडून दाखवलं. एका बाजूला अकरा इंची टॅब उभा, दुसऱ्या बाजूला कोणीतरी दुरुस्तीला दिलेला १४ इंची लॅपटॉप. दोन्हीवर तिच्याच क्लासचं जुनं लेक्चर लावलं आणि म्हटलं, आता रोज लिहितेस तसं लिही. लॅपटॉपवर सिद्धांताचे मुद्दे तिने भराभर टाइप केले. सरांनी जर्नल एन्ट्री आणि लेजरचे रकाने काढायला घेतले तशी ती अडली. कीबोर्डवर रकाने आखेपर्यंत सर पुढच्या गणितावर. टॅबवर पेनाने तेच रकाने सरांबरोबर उतरले. वडील म्हणाले, «मग वहीत लिहिलं तर?» प्रश्न रास्त होता.

कारण सीएच्या वर्णनात्मक पेपरला उत्तरं हातानेच लिहायची आहेत. अकाउंट्ससारख्या विषयाला मी तर सांगतो, गणितं वहीतच करा. स्क्रीनवर लेक्चर आणि क्लासची पीडीएफ, नोट्स टेबलावरच्या कागदावर. असं केलंत तर दोन गोष्टी बदलतात: कीबोर्डची गरज संपते, आणि पेनाचा टॅब लागतोच असं नाही. वाळपईच्या त्या घराने शेवटी पेन नसलेला ६ जीबीचा टॅब आणि उभा स्टँड घेतला, उरलेले पैसे लॅपटॉपसाठी बाजूला ठेवले.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. क्लासचं अ‍ॅप अँड्रॉइडवर चालत असेल तर ११ इंची टॅब, खरी रॅम ६ किंवा ८, आणि तो उभा वापरा. पेन हवंच असेल तर टॅबशी जोडी जमणारं खरं पेन घ्या, ज्यात तळहात काचेवर टेकला तरी रेघ उठत नाही. बाजारात मिळणाऱ्या रबरी टोकाच्या काड्यांनी रकान्यात आकडे लिहिता येत नाहीत. लेक्चर फक्त विंडोजवर चालत असेल तर पर्यायच नाही, लॅपटॉप. पण २५ हजारांत नवा घेऊ नका. त्या किमतीचे नवे बहुतेक अगदी दुबळ्या प्रोसेसरचे आणि तुटपुंज्या स्टोरेजचे असतात. कंपन्यांतून वापरून निघालेला, एसएसडी आणि ८ जीबीचा १४ इंची फुल एचडी लॅपटॉप बरा. बॅटरी मात्र उतरलेली असणार असं धरून चाला, पावसात वीज जाते तेव्हा ते कळतं. `Ctrl + Shift + Esc` दाबून `Performance` आणि मग `Memory` बघा. तिथे `Slots used` समोर «1 of 2» दिसलं तर रॅमची एक खाच रिकामी आहे, पुढे स्वस्तात वाढवता येईल.

लॅपटॉप घेतलात आणि घरी टीव्ही असेल तर एचडीएमआय केबल लावा, `Win + P` दाबून `Extend` निवडा. लेक्चर टीव्हीवर, पूर्ण लॅपटॉप नोट्स आणि पीडीएफला. दुभागायची गरजच राहत नाही. काही क्लासचे प्लेयर बाहेरची स्क्रीन जोडली की काळे पडतात, तेव्हा केबल कोणाची तरी उसनी आणून आधी बघा.

तोपर्यंत हातातल्या फोनवर आजच करण्यासारखं: फोन आडवा, लेक्चर पूर्ण स्क्रीनवर, पीडीएफची लागतील तेवढी पानं छापून शेजारी, नोट्स वहीत. टाइपच करायचं असेल तर ओटीजी जोडणीने साधा यूएसबी कीबोर्ड बहुतेक फोनना लागतो, आणि वर-खाली दुभागलेल्या स्क्रीनचा खालचा भाग पूर्ण मोकळा मिळतो. लेक्चरमध्ये स्लाइड पिन करा, म्हणजे बाकीच्या मुलांचे चौकोन जागा खाणार नाहीत.

क्लासला त्या तीन गोष्टी विचारून इथेच कळवा. विंडोजच लागतं असं निघालं तर बघितलेल्या लॅपटॉपचं मॉडेल लिहा, त्यात रॅम झाळलेली आहे की खाच आहे ते बघून सांगतो.